मित्रासाठी ‘व्यावसायिक तक्रारदार’ पदाचं शिफारसपत्र: गांभीर्य न सोडता कसं लिहावं

आमचा एक मित्र निवृत्त झाला तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात मला चार शब्द बोलायचे होते. भाषणाऐवजी मी त्याच्यासाठी एक शिफारसपत्र लिहून नेलं. पद होतं व्यावसायिक तक्रारदाराचं. त्याला ओळखणाऱ्या कुणालाही दुसरं पद सुचलंच नसतं. पहिला मसुदा अगदीच फसला, दुसरा बरा झाला आणि तिसरा वाचून दाखवला. या तीन मसुद्यांत जे हाती लागलं ते इथे पायरीपायरीने मांडतो.

हा प्रकार आपल्या अलंकारशास्त्रात जुनाच आहे. वरवर निंदा आणि आतून स्तुती, किंवा वरवर स्तुती आणि आतून निंदा, याला व्याजस्तुती म्हणतात. अकराव्या शतकातल्या मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त तिची व्याख्या दोन्ही बाजूंनी केलेली आहे. आपल्या पत्रात दोन्ही बाजू लागतात, आणि त्या कुठे बदलायच्या यावरच पत्र उभं राहतं किंवा पडतं. सुरुवातीला आपण मित्राच्या कुरकुरीची स्तुती करतो, म्हणजे आतून चिमटा काढतो. शेवटाकडे त्याचा एक दोष नोंदवतो, आणि त्या दोषाच्या आड त्याचा चांगुलपणा ठेवतो. नुसता पहिला भाग लिहिला तर ती टिंगल होते. नुसता दुसरा लिहिला तर तो मानपत्रातला मजकूर होतो.

पहिली पायरी: आठ दिवस नोंद ठेवा

लिहायला बसण्याआधी आठवडाभर मित्राच्या तक्रारी टिपून घ्या. आठवणीवर विसंबू नका, कारण आठवणीत फक्त ‘हा सारखा कुरकुरतो’ एवढंच उरतं आणि त्यातून एक वाक्यही निघत नाही. नोंद करताना चार गोष्टी लिहा: कशाबद्दल, कधी, नेमके कोणते शब्द, आणि त्यावर उपाय केल्यानंतर पुढे काय झालं. चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात. खरा तक्रारदार ओळखू येतो तो उपाय झाल्यानंतरच.

चांगली तक्रार कशी बांधलेली असते याचा एक फार जुना नमुना उपलब्ध आहे. इसवी सनापूर्वी 1750 च्या सुमारास प्राचीन मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, ऊर शहरातल्या एया-नासिर नावाच्या व्यापाऱ्याला नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने मातीच्या पाटीवर तक्रार लिहून पाठवली. ती पाटी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तांबं हलक्या प्रतीचं निघालं, पाठवलेल्या माणसांना तुच्छतेने वागवून रिकाम्या हाती परत धाडलं, आणि यापुढे मी माझ्या अंगणात एकेक लगड निवडून घेईन, असा तिचा आशय आहे. काय कबूल केलं होतं, काय मिळालं, माझ्या माणसांशी कसं वागलात आणि यापुढे काय होईल, हे सगळं तिच्यात आहे. आपल्या मित्राच्या तक्रारी या चौकटीत बसवून पाहा. जी तक्रार या चारांपैकी निदान दोन कप्पे भरते तीच ठेवा.

आता चाळणी. माणसांबद्दलच्या तक्रारी बाजूला काढा. मेहुणा, शेजारी, साहेब यांच्याबद्दलचं काहीही पत्रात आलं की ऐकणारे त्या तिसऱ्या माणसाचा विचार करू लागतात. पैशाच्या, तब्येतीच्या आणि खऱ्या अन्यायाच्या तक्रारीही नकोत. माझ्या पहिल्या मसुद्यात मित्राच्या गुडघेदुखीवर दोन ओळी होत्या. बायकोने वाचल्या आणि एवढंच म्हणाली, “त्याला खरंच दुखतं.” मी त्या काढल्या. उरतात त्या वस्तूंच्या, हवेच्या आणि व्यवस्थेच्या तक्रारी: घड्याळ, छत्री, दार, खुर्ची, सूचना फलक. त्यांना भावना नसतात, म्हणून त्यांच्यावर कितीही गंभीर आरोप चालतात.

सगळ्यात मोलाची तक्रार कोणती? जिथे तक्रारीला काही जागाच नव्हती तिथे शोधून काढलेली. अशी एक जरी हाती लागली तरी पत्र होईल. दोन-तीन मिळाल्या तर पुढचं काम फक्त मांडणीचं.

दुसरी पायरी: पद नीट ठरवा

‘तक्रारखोर’ हा शब्द पत्रात एकदाही येऊ देऊ नका. ‘खोर’ लागला की न्यायनिवाडा होऊन गेलेला असतो: भांडखोर, लाचखोर, चहाडखोर. ‘दार’ मात्र अधिकार देतो: फौजदार, किल्लेदार, जमादार. म्हणून पद ‘व्यावसायिक तक्रारदार’. त्यापुढे कंसात श्रेणी द्या, कारण श्रेणी आली की पद खरं वाटू लागतं. पत्र कुणाला लिहायचं हेही साधंच ठेवा. ‘मा. अध्यक्ष, निवड समिती’ एवढं पुरतं. विनोदी नावाचं कार्यालय तयार करण्याचा मोह होतो, पण नाव हसवू लागलं की पत्राच्या दुसऱ्याच ओळीत गांभीर्य संपतं.

पदाची कर्तव्यं मनाशी ठरवून घ्या, पत्रात मात्र लिहू नका. मी तीन ठरवली होती: उणीव शोधणे, ती वेळेत नोंदवणे आणि उपाय झाल्यावर समाधान न मानणे. पत्रातला प्रत्येक प्रसंग यांपैकी एका कर्तव्याचा पुरावा असला पाहिजे. दोन प्रसंग एकाच कर्तव्याचे झाले तर त्यातला एक काढा.

तिसरी पायरी: भाषा बदला

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. मराठीत तक्रारीच्या इतक्या छटा आहेत की कोणता शब्द पत्रात चालेल हे एकेक तपासावं लागतं. कुरकुर, किरकिर, भुणभुण, धुसफूस, रडगाणं हे घरातले शब्द, ऐकताच कान टवकारतात; यांतला एकही पत्रात नको. गाऱ्हाणं हा शब्द गरीब आहे, तो न्याय मागायला आलेल्या माणसाच्या तोंडी शोभतो. आपल्या कामाचे शब्द म्हणजे हरकत, आक्षेप, नाराजी, निवेदन, कैफियत आणि अर्थातच तक्रार. यांतले बरेचसे फारसी-अरबी वाटेने दप्तरात आलेले. त्यांच्यामागे शतकांचा कागदी व्यवहार उभा असल्यामुळे त्यांचं वजन आयतं मिळतं.

क्रियापदंही बदला. तो ‘म्हणाला’ नाही, त्यांनी ‘निदर्शनास आणून दिले’. ‘वैतागला’ नाही, ‘नाराजी नोंदविली’. ‘गप्प बसेना’ याऐवजी ‘पाठपुरावा केला’. आणि एकेरी मित्र पत्रात आदरार्थी झालाच पाहिजे. रोज ज्याला ‘अरे’ म्हणतो त्याला ‘श्री. अबक यांनी’ असं लिहिताना हात अडखळतो. तो अडखळला तर समजा, पत्र जमू लागलं आहे.

एक प्रसंग कच्च्या नोंदीपासून शेवटपर्यंत कसा नेला ते दाखवतो. आम्ही पाच जण तीन दिवसांच्या सहलीला गेलो होतो. हवा सुरेख होती, पाऊस एकदाही आला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो म्हणाला, “छत्री उगाच आणायला लावलीत.” ही माझी कच्ची नोंद. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं:

“श्री. अबक हे इतके महान तक्रारदार आहेत की, पाऊस न पडल्याबद्दलही ते तक्रार करतात!!”

हे वाक्य तीन ठिकाणी फसलं आहे. ‘इतके महान’ म्हणून मी निर्णय आधीच दिला आणि पुरावा मागे राहिला. उद्गारचिन्हांनी वाचणाऱ्याला सांगितलं की इथे हसा. आणि तिसरी चूक सगळ्यात मोठी: त्याने पाऊस न पडल्याची तक्रार केलीच नव्हती, छत्रीची केली होती. थोडं फुगवून लिहावं असं वाटतं खरं, पण खरी गोष्ट जवळजवळ नेहमीच जास्त बारीक आणि म्हणून जास्त मजेदार असते. शेवटचं वाक्य असं झालं:

“सलग तीन दिवस आकाश निरभ्र राहिल्याने सोबतची छत्री विनाकारण वाहावी लागली, याबाबत त्यांनी तिसऱ्या दिवशी सायंकाळी सर्वांसमक्ष हरकत नोंदविली.”

यात एकही विशेषण त्याच्याबद्दल नाही. वेळ आहे, कारण आहे, साक्षीदार आहेत.

चौथी पायरी: सांगाडा

खऱ्या शिफारसपत्राचाच सांगाडा वापरा, त्यात काही नवीन शोधायला जाऊ नका. विषय, संदर्भ, मग ओळख कधीपासून आणि कोणत्या नात्याने, मग दोन-तीन प्रसंग, एक मर्यादा, शिफारस आणि सही. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ ही ठरलेली सुरुवातही तशीच ठेवा. ‘संदर्भ’ ही ओळ अनेक जण गाळतात. ती गाळू नका. सरकारी पत्रात ती कोरडी असते आणि कुणी वाचत नाही, म्हणूनच तिथे पहिली तक्रार ठेवली की ती न बोलता येऊन जाते.

मर्यादेच्या परिच्छेदाबद्दल मात्र थांबून सांगतो. खऱ्या शिफारसपत्रात उमेदवाराची एखादी उणीव प्रामाणिकपणे दिली तर बाकीच्या स्तुतीवर विश्वास बसतो. इथे तीच जागा व्याजस्तुती उलटी फिरवायची आहे. तक्रारदाराची मर्यादा काय असू शकते? तो तक्रार करतो, पण सोडून जात नाही. असा प्रसंग शोधा ज्यात मित्राने तोंडाने तक्रार केली आणि हाताने मदत. प्रत्येक कुरकुऱ्या मित्राच्या आयुष्यात असा एक तरी प्रसंग असतो. नसेल तर हे पत्र त्याच्यासाठी लिहू नका, कारण मग ते बोचेल. माझ्याकडे असा प्रसंग होता. एका रात्री मी दवाखान्यात होतो आणि तो माझ्या खाटेशेजारी बसला होता.

हा प्रसंग लिहिताना स्वर बदलू नका. ‘परंतु मनाने अत्यंत हळवे’ असलं एकही वाक्य इथे आलं तर दोन्ही बाजू एकदम कोसळतात. छत्री ज्या आवाजात लिहिली त्याच आवाजात दवाखाना लिहायचा.

पूर्ण पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
निवड समिती

विषय : ‘व्यावसायिक तक्रारदार (वरिष्ठ श्रेणी)’ या पदासाठी श्री. अबक यांच्या नावाची शिफारस.

संदर्भ : सदर पदाच्या जाहिरातीतील अक्षरांच्या आकाराबाबत श्री. अबक यांनी नोंदविलेली हरकत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, मी श्री. अबक यांना गेली 31 वर्षे जवळून ओळखतो. या कालावधीत त्यांच्या कामात एकदाही खंड पडल्याचे माझ्या निदर्शनास आलेले नाही. सुट्टीच्या दिवशीही ते कर्तव्यावर असतात.

उणीव शोधण्याच्या त्यांच्या क्षमतेबाबत पुढील बाब पुरेशी बोलकी आहे. एका सहलीत सलग तीन दिवस आकाश निरभ्र राहिल्याने सोबतची छत्री विनाकारण वाहावी लागली, याबाबत त्यांनी तिसऱ्या दिवशी सायंकाळी सर्वांसमक्ष हरकत नोंदविली. उपस्थित अन्य चार जणांपैकी कोणाच्याही ही बाब तोपर्यंत लक्षात आलेली नव्हती.

पाठपुराव्याच्या संदर्भात नमूद करणे आवश्यक आहे की, त्यांच्या निवासस्थानातील भिंतीवरील घड्याळाच्या टिकटिकीबाबत त्यांनी सुमारे दोन महिने तक्रार केली. तिची दखल घेऊन कुटुंबीयांनी आवाज न करणारे घड्याळ बसविले. त्याच आठवड्यात, घड्याळ चालू आहे की बंद पडले आहे हे आता कळत नाही, असा आक्षेप त्यांनी नोंदविला. एका उणिवेच्या निवारणातून दुसरी उणीव इतक्या अल्प कालावधीत शोधणारी व्यक्ती माझ्या परिचयात अन्य नाही.

वेळेच्या बाबतीत ते काटेकोर आहेत. त्यांच्या वाढदिवसानिमित्त मित्रांनी त्यांना न कळविता एकत्र जमण्याचे ठरविले असता, ‘आधी कळवायला हवे होते’ हे निवेदन त्यांनी दार उघडताच, पाऊल आत टाकण्यापूर्वी केले.

उमेदवाराची एक मर्यादा समितीच्या निदर्शनास आणणे मी माझे कर्तव्य समजतो. प्रस्तुत पत्रलेखक रुग्णालयात दाखल असताना श्री. अबक रात्री साडेनऊपासून सकाळी सहापर्यंत त्याच्या खाटेशेजारी उपस्थित होते. या कालावधीत खुर्ची कडक असल्याची तक्रार त्यांनी चार वेळा केली. शेजारच्या प्रतीक्षाकक्षात मऊ खुर्ची रिकामी असल्याचे परिचारिकेने दोन वेळा कळवूनही ते तेथे गेले नाहीत. तक्रारीचे निवारण उपलब्ध असताना ते न स्वीकारणे ही बाब पदाच्या शिस्तीस धरून नाही. तथापि, ती एकमेव असल्याने समितीने सहानुभूतिपूर्वक विचार करावा, ही विनंती.

सबब, श्री. अबक यांची सदर पदावर नियुक्ती करण्यात यावी, अशी मी विनाअट शिफारस करतो. नियुक्तीनंतर त्यांना देण्यात येणाऱ्या खुर्चीबाबत समितीने त्यांच्याशी पूर्वचर्चा करावी.

कळावे,

आपला विश्वासू,
(सही)

प्रत : श्री. अबक यांना माहितीसाठी व आवश्यक त्या हरकतीसाठी.

पाचवी पायरी: तपासणी

पत्र झालं की मित्राचं नाव काढून दुसऱ्या एखाद्या कुरकुऱ्या मित्राचं घाला आणि वाचा. पत्र तरीही लागू पडत असेल तर नोंदी पुन्हा उघडा. तुम्ही माणसाबद्दल नाही, स्वभावाबद्दल लिहिलं आहे. माझ्या पत्रातलं घड्याळ दुसऱ्या कुणाच्या घरी टांगता येत नाही.

मग ज्या शब्दांनी वाचणाऱ्याला डोळा मारला आहे ते शोधा. ‘अर्थातच’, ‘म्हणे’, ‘थोर’, ‘महान’, अवतरणात घातलेलं एखादं उपहासाचं विशेषण, उद्गारचिन्ह. हे सगळे काढा. दप्तरी भाषा मध्येच सैल झाली आहे का तेही पाहा. ‘नोंदविली’ आणि ‘नोंदवली’ एकाच पत्रात आले की घडी मोडते. मी सगळीकडे ‘विली’ ठेवलं, कारण जुन्या कार्यालयीन पत्रांत तेच असतं.

प्रसंग तीनच ठेवा, मर्यादेचा धरून चार. माझ्याकडे दारांच्या कड्या, लिफ्टमधला आरसा, उशांची जाडी अशा आणखी पाच नोंदी होत्या आणि त्या सोडताना जीवावर आलं. पण चौथ्या प्रसंगापासून ऐकणारे मोजू लागतात, आणि मोजू लागलेल्या माणसाला खुर्ची ऐकू येत नाही.

लांबी एका पानात बसेल इतकीच. मोठ्याने वाचायचं असेल तर घड्याळ लावून पाहा. चार मिनिटांच्या वर जात असेल तर आधी वाढदिवस काढा, मर्यादेला हात लावू नका.

सहावी पायरी: देणं

पत्र साध्या पांढऱ्या कागदावर छापा, खाली खरी सही करा आणि घडी घालून लिफाफ्यात ठेवा. रंगीत कागद, चित्र, रिबीन काही नको. वाचताना खालच्या पट्टीत, एकाच वेगाने वाचा. लोक हसले की थांबा, पण मान वर करू नका आणि स्वतः हसू नका. माझा अनुभव असा की ‘संदर्भ’ ओळीला एक-दोघं हसतात, छत्रीला सगळे, आणि घड्याळाला सगळ्यात जास्त घरचे. मर्यादेच्या परिच्छेदाला सुरुवातीला हसू येतं आणि परिचारिकेच्या वाक्यापाशी ते विरतं. तिथे वेग कमी करण्याचा मोह होतो. करू नका, पुढच्या वाक्यावर तसेच जा.

मित्राला आधी पत्र दाखवायचं की नाही, यावर मी बराच विचार केला. चार लोकांत वाचणार असाल तर त्याच्या घरच्या कुणाला तरी आधी जरूर वाचून दाखवा. एखादी तक्रार त्याला खरोखर लागणारी असेल तर ती त्यांनाच माहीत असते. मी त्याच्या मुलीला फोनवर वाचून दाखवलं होतं. घड्याळाचा प्रसंग माझ्याकडे तिच्याकडूनच आला होता. तिने फक्त एक दुरुस्ती सुचवली: तक्रार एक महिना नव्हे, दोन महिने चालली होती.

कार्यक्रमानंतर मी लिफाफा त्याच्या हातात दिला. त्याने उभ्यानेच पत्र पुन्हा वाचलं, चष्मा काढला, आणि दवाखान्याच्या परिच्छेदावर बोट ठेवून म्हणाला, “चार नाही, पाच वेळा. पाचव्यांदा तू झोपला होतास.”